एकाच मापाचे दोन सेल

मिरज हे दवाखान्यांचं गाव. त्यामुळे माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात घड्याळांच्या सेलबरोबर कानाच्या मशिनाचेही सेल विकले जातात. मशीन दुरुस्त करणं हे माझं काम नव्हे, ते ऑडिओलॉजिस्टचं. पण तपासणी करून, मशीन घेऊन जतला, कवठेमहांकाळला किंवा पलीकडे अथणीला परत गेलेल्या माणसाचा सेल संपला, की त्याला आधी घड्याळवालाच आठवतो. गोल, चकचकीत, बोटाच्या पेरावर मावणारा सेल म्हणजे घड्याळवाल्याकडेच मिळणार, असा लोकांचा हिशोब. तो अर्धा बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यापायी काउंटरवर मला बरंच बोलावं लागतं.

मागं एक कॉलेजातला पोरगा आजोबांचं मशीन घेऊन आला. कानामागं लावायचं मशीन, आत १३ नंबरचा सेल. माझ्याकडचे १३ नंबर त्या दिवशी संपले होते. नेमका त्याच वेळी मी एका जुन्या घड्याळासाठी ३९३ नंबरचा सेल काढून ठेवला होता. पोरगं हुशार. त्यानं दोन्ही सेल शेजारी शेजारी ठेवले, उंची बघितली, रुंदी बघितली आणि म्हणाला, "काका, दोन्ही तर एकाच मापाचे आहेत की. हाच द्या."

मी व्हर्नियर त्याच्या हातात दिला. दोन्हींचा व्यास ७.९ मिलिमीटर, दोन्हींची जाडी ५.४. मापात काडीचा फरक नाही. मशिनाच्या खणात ३९३ व्यवस्थित बसतो, आणि मशीन चालूही होतं. मी त्याला म्हटलं, "चालेल रे. पण तीन-चार दिवसांत परत येशील, आणि आजोबा तुलाच बोलतील." त्याला ते पटेना. मग मी पावतीबुकाच्या पाठीवर हिशोब मांडून दाखवला. तोच इथं देतो, कारण बाकीचं सगळं त्यातून निघतं.

सेलमध्ये किती माल आहे ते मिलिअँपिअर-तासात मोजतात. म्हणजे एक मिलिअँपिअरचा प्रवाह किती तास पुरेल, ते. १३ नंबरच्या सेलमध्ये साधारण ३०० मिलिअँपिअर-तास असतात. त्याच आकाराच्या ३९३ मध्ये ७५ च्या आसपास. आजोबांच्या मशिनाला समजा दीड मिलिअँपिअर लागतो. मग १३ नंबर २०० तास चालेल. दिवसाला १४ तास मशीन कानात असेल, तर झाले दोन आठवडे. ३९३ मात्र ५० तासांत संपेल, म्हणजे साडेतीन दिवस. वर ३९३ महाग, कारण त्याच्या पोटात चांदी आहे.

"मग घड्याळात हाच सेल वर्षानुवर्षं कसा काय टिकतो?" हा त्याचा पुढचा प्रश्न. खरा मुद्दा तोच आहे.

घड्याळाला लागतं किती, हे मी रोज बघतो. आमच्याकडे क्वार्ट्झ टेस्टर असतो. घड्याळाचं मशीन त्याच्यावर ठेवून दोन पिना लावल्या, की ते किती वीज खातंय याचा आकडा दिसतो. तीन काट्यांच्या साध्या घड्याळाचा आकडा एक मायक्रोअँपिअरच्या आसपास येतो. मायक्रो म्हणजे मिलिचा हजारावा भाग. आतला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, चिप ते कंप मोजत बसते, आणि सेकंदाला एकदाच, तेही काही सहस्रांश सेकंदांपुरता, छोट्या मोटरला झटका देते. मधला सगळा वेळ जवळजवळ उपवासच. कानाच्या मशिनाचं तसं नसतं. त्याचा माइक, चिप आणि स्पीकर कानात असेपर्यंत अखंड काम करत असतात. दोघांच्या भुकेत हजारपटीचा फरक आहे.

बाजारातल्या स्वस्त-मध्यम घड्याळांत मियोटाचं २०३५ हे मशीन फार सापडतं. त्याला एसआर ६२६ एसडब्ल्यू हा सेल लागतो, ज्याला आम्ही नुसतं 'तीनशे सत्त्याहत्तर' म्हणतो. त्याच्यात माल किती, तर २६-२७ मिलिअँपिअर-तास, म्हणजे कानाच्या १३ नंबरच्या अकराव्या हिश्शाहूनही कमी. तरी कंपनी तीन वर्षांचं आयुष्य सांगते आणि ते बहुधा खरं ठरतं. वर्षात ८,७६० तास. एक मायक्रोअँपिअरनं वर्षाला पावणेनऊ मिलिअँपिअर-तास खर्च होतात. तीन वर्षांचे सव्वासव्वीस. हिशोब जुळला.

म्हणूनच सेल सहा-आठ महिन्यांत संपला तर मी लगेच दुसरा टाकून देत नाही. आधी टेस्टरवर बघतो. चक्रांत वाळलेलं तेल किंवा कचरा असेल, तर मोटरला जड जातं. बऱ्याच मशिनांतली चिप मग जास्त लांबीचे झटके देऊ लागते, आणि आकडा एकाऐवजी तीन-चारवर जातो. अशा घड्याळात कुठलाही सेल टाका, तो वेळेआधी जाणारच. गिऱ्हाईक मात्र म्हणतं, "तुमचा सेलच डुप्लिकेट." घड्याळ साफ करून आकडा खाली आणून दाखवला तरी सगळ्यांना पटतंच असं नाही.

तर घड्याळाला हवा आहे थेंब थेंब देणारा, पण वर्षानुवर्षं न नासणारा सेल. कानाच्या मशिनाला हवा आहे दोन आठवड्यांत भरपूर देणारा. सेलच्या पोटातली रसायनं या एका गोष्टीवर ठरतात.

दोन्हींत एक बाजू सारखीच आहे: जस्त. जस्ताची पूड दाट क्षारात कालवून ऋण बाजूला, म्हणजे सेलच्या अरुंद टोपीकडे, भरलेली असते. जस्त गंजतं, म्हणजे ऑक्सिजनशी जोडलं जातं, आणि त्यातून वीज मिळते. प्रश्न इतकाच, की तो ऑक्सिजन आणायचा कुठून?

घड्याळाच्या सेलमध्ये तो सिल्व्हर ऑक्साइडमधून येतो. रुंद बाजूच्या वाटीत काळ्या सिल्व्हर ऑक्साइडची दाबलेली वडी असते, वर पातळ पडदा, मग जस्त. मध्ये नायलॉनची कडी दाबून सगळं बंद केलेलं. सेल वापरला जातो तसतसा ऑक्सिजन चांदीकडून जस्ताकडे जातो आणि वाटीत शेवटी निखळ चांदी उरते. म्हणूनच आम्ही काढलेले सिल्व्हरचे सेल फेकत नाही, बाटलीत साठवतो. हा सेल पूर्ण बंद असल्यामुळे आतलं ओलसर क्षार सुकत नाही आणि वर्षाकाठी थोडाच माल आपोआप वाया जातो. पण आतली निम्मी जागा त्या वडीनं अडवलेली असते.

कानाच्या सेलनं ती वडीच काढून टाकली. पंढरीला निघालेला वारकरी सगळा शिधा डोक्यावर घेऊन निघत नाही, वाटेत मिळतोच. तसा हा सेल ऑक्सिजन बरोबर नेत नाही, हवेतला घेतो. नाव झिंक-एअर. त्याच्या सपाट बाजूला बारीक छिद्रं असतात. लूप लावून बघितली तर स्पष्ट दिसतात. छिद्रांच्या आत हवा येऊ देणारा पण क्षार बाहेर न जाऊ देणारा टेफ्लॉनचा पापुद्रा, त्याखाली कार्बनचा पातळ थर. बाकी सगळी जागा जस्ताला. चौपट माल येतो तो इथून. असा एक १३ नंबरचा सेल त्याच्या सगळ्या आयुष्यात किती हवा खातो, याचा हिशोब मी मुलाच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकावरून काढून घेतला होता. जेमतेम एक तृतीयांश लिटर निघाली. हवेची टंचाई होते ती फक्त छिद्रं बुजली, किंवा सेल हवाबंद जागेत ठेवला तर.

व्होल्टेजमधला फरकही इथूनच येतो. सिल्व्हर ऑक्साइडचा सेल १.५५ व्होल्ट देतो. हवेतल्या ऑक्सिजनकडून कागदावर याहून जास्त, १.६५ मिळायला पाहिजेत. पण हवेतला ऑक्सिजन त्या कार्बनच्या थरावर संथपणे काम करतो, आणि हातात पडतात १.४. मशीन चालू असताना मीटर लावलात तर १.३ च्या आगेमागेच दिसेल. कानाची मशिनं त्याच हिशोबानं बनवलेली असतात. दोन्ही सेलचा एक गुण मात्र सारखा आहे: व्होल्टेज जवळजवळ अखेरपर्यंत सपाट राहतं आणि शेवटी एकदम कोसळतं. त्यामुळे कानाचं मशीन सूचनेचा आवाज देतं आणि थोड्याच वेळात गप्प होतं. आजोबा लग्नात असतील तर पंचाईत. खिशात एक नवा सेल हवाच.

घड्याळाला सपाट व्होल्टेज हवं असण्याचं एक कारण आहे. कित्येक क्वार्ट्झ घड्याळांतली चिप सेलच्या व्होल्टेजवर लक्ष ठेवून असते. ते घसरलं की ती सेकंद काटा दर सेकंदाला न हलवता दोन सेकंदांतून एकदा दोन घरं उडवते. काही स्विस मशिनांत चार-चार घरं. वेळ बरोबरच असते, फक्त 'सेल बदला' असं सांगणं असतं. लोक घाबरून येतात, "काटा उड्या मारतोय, मशीन गेलं बहुतेक." सेल बदलला की काटा सरळ चालतो.

आता या दोघांच्या मध्ये तिसरा एक सेल बसलाय, आणि दुकानदारांची निम्मी बदनामी त्यानं केली आहे. तो अल्कलाइन. त्यात ऑक्सिजन मँगनीज डायऑक्साइडमधून येतो. हा माल फार स्वस्त. पाटा भरून सेल चहाच्या पैशात मिळतात ते हेच. नवा असताना दीड व्होल्टच्या वर दाखवतो, त्यामुळे नुसता मीटर लावून सिल्व्हर की अल्कलाइन हे ओळखता येत नाही, हे आमच्या धंद्यातल्या पुष्कळांनाही ठाऊक नसतं. पण त्याचं व्होल्टेज पहिल्या दिवसापासून उतरणीला लागतं. पोटात माल शिल्लक असतानाच घड्याळाला तो संपल्यासारखा वाटतो. सिल्व्हरचा जिथं तीन वर्षं जातो तिथं हा निम्म्यातच मान टाकतो.

तेवढ्यावर भागलं तर ठीक. पण संपलेला अल्कलाइन घड्याळात तसाच राहिला, की आतलं क्षार नायलॉनच्या कडीच्या फटीतून वर सरकतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून त्याची पांढरी पूड होते. सेलखालची पितळी पट्टी हिरवी पडते, आणि नशीब फुटकं असेल तर कॉइलची केसाहून बारीक तार तुटते. एका बाईंनी त्यांच्या आईचं घड्याळ आणलं होतं, बरीच वर्षं कपाटात बंद. मागचं झाकण काढलं तर सेलभोवती मिठासारखा थर. लाकडी काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून, व्हिनेगरच्या पाण्यात जेमतेम ओला करून पट्टी पुसली, मग स्पिरिटनं कोरडी केली. पट्टी चमकली, पण टेस्टरवर कॉइल मेलेली. घड्याळ वाचलं नाही, आतलं सगळं मशीन बदलावं लागलं. बंद पडलेलं घड्याळ ठेवून द्यायचं असेल तर सेल काढून ठेवा, असं मी सगळ्यांना सांगतो ते यासाठी. सिल्व्हरचाही सेल संपल्यावर कधीकधी गळतो, पण इतका सर्रास नाही.

मग ओळखायचं कसं? पाठीवर कोरलेल्या अक्षरांवरून. एसआर ६२६ एसडब्ल्यू हेच उदाहरण घ्या. पहिलं अक्षर आतल्या मालाचं: एस म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड, एल अल्कलाइन, पी झिंक-एअर, सी लिथियम. दुसरं आर म्हणजे गोल. मग ६ हा मिलिमीटरमधला व्यास, पुढची दशांश टाकून दिलेली, कारण खरा व्यास ६.८ आहे. २६ म्हणजे जाडी, २.६ मिलिमीटर. म्हणजे एलआर ६२६ हा मापानं तोच, पण पोटातून अल्कलाइन. चीनमधून येणाऱ्या पाट्यावर त्याचंच नाव एजी ४ असतं. यातली गंमत बघा: रसायनशास्त्रात एजी ही चांदीची खूण, आणि पाट्यावरच्या एजीमध्ये बहुधा चांदीचा कणही नसतो. काही पाट्यांवर तर ३७७, एलआर ६२६ आणि एजी ४ अशी तिन्ही नावं एकाच ओळीत छापतात. ३७७ हे सिल्व्हरचं नाव वाचून माणूस घेतो, आणि आत निघतो एल. पाटा वाचू नका, सेलची पाठ वाचा.

जुने नंबर मात्र असे उलगडत नाहीत. ४४, ४८, ४१ हे नुसते क्रमांक आहेत, त्यात माप नाही. कानाच्या सेलचं तर आणखी अवघड. १०, ३१२, १३ आणि ६७५ हा त्यांचा लहानाकडून मोठ्याकडे जाणारा क्रम आहे. म्हणजे ३१२ हा १३ पेक्षा पातळ! गिऱ्हाईक फोनवर "तो मोठा नंबरवाला" असं म्हणालं की माझी पंचाईत होते. त्यातल्या त्यात बरं म्हणजे स्टिकरचे रंग सगळ्या कंपन्यांनी सारखे ठेवलेत: १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. वाचता न येणारी म्हातारी माणसंही रंग सांगून बरोबर सेल नेतात.

शेवटच्या एसडब्ल्यू आणि डब्ल्यूचाही अर्थ आहे. एसडब्ल्यू म्हणजे ३७७ आणि डब्ल्यू म्हणजे ३७६, हे एकाच मापाचे दोन सिल्व्हरचे सेल. ३७७ मध्ये सोडियमचं क्षार असतं, ते कडीतून कमी सरकतं, म्हणून काट्यांच्या घड्याळाला बरं. पण त्याला एकदम जास्त वीज देता येत नाही. दिवा किंवा अलार्म असलेल्या घड्याळाला पोटॅशियमच्या क्षाराचा ३७६ लागतो. अशा घड्याळात ३७७ टाकला तर वेळ दिसते, पण दिव्याचं बटण दाबलं की आकडे फिके पडतात आणि कधी वेळ बाराला जाऊन बसते. अशी तक्रार आली की मी आधी सेलचा नंबर बघतो.

आता कानाच्या सेलच्या स्टिकरकडे येतो, कारण घरोघरी सगळ्यात जास्त घोळ तिथं होतात. स्टिकर छिद्रांवर असतं. ते काढलं की हवा आत शिरते आणि सेल जागा होतो. स्टिकर असताना मीटर लावलात तर जेमतेम एक-सव्वा व्होल्ट दिसतो, म्हणून तो 'खराब' नव्हे. काढल्यावर मीटर लावूनच ठेवा, आकडा डोळ्यांदेखत चढत १.४ च्या पुढे जातो. त्याला काही मिनिटं लागतात. स्टिकर काढल्या काढल्या सेल मशिनात टाकून दार बंद केलं, तर मशीन त्या अर्ध्यामुर्ध्या व्होल्टेजवर सुरू होऊन लगेच सेल संपल्याची सूचना देऊ शकतं. मग चांगला सेल कचऱ्यात जातो. तीन ते पाच मिनिटं टेबलावर छिद्रं वर करून ठेवा, मग टाका.

एकदा जागा झालेला सेल पुन्हा झोपत नाही. आमच्या गल्लीतले एक तात्या रोज रात्री स्टिकर परत चिकटवायचे. स्टिकर मळलं तरी सोडेनात, काटकसरी माणूस. पण स्टिकर पहिल्यासारखं घट्ट बसत नाही. हवेच्या वाटेनं आतलं पाणीही बाहेर जात असतं, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड आत जाऊन क्षार बिघडवत असतो. वापरा की न वापरा, काही आठवड्यांत तो सेल नासणारच. घड्याळात हा सेल का चालत नाही, त्याचंही उत्तर हेच: घड्याळाला तीन वर्षांचा सोबती हवा, आणि हा स्टिकर निघाल्या दिवसापासून सुकत चाललेला असतो. वर घड्याळाचं झाकण रबराची कडी लावून पाण्याविरुद्ध बंद केलेलं. तात्यांना मी सांगितलं, स्टिकरचा नाद सोडा, रात्री मशिनाच्या सेलचं दार तेवढं उघडं ठेवा. त्यानं मशिनाचा खर्चही थांबतो आणि दिवसभरात आत साचलेला घामाचा ओलावाही निघून जातो.

हवेवर जगणारा सेल म्हटल्यावर हवामान आलंच. मे महिन्याच्या कोरड्या उन्हाळ्यात आणि एसीत बसणाऱ्यांचे सेल आतून सुकून जातात. पावसाळ्यात रत्नागिरी-चिपळूणकडे गेलं की उलटं होतं: आतलं क्षार हवेतलं पाणी ओढून घेतं, जस्ताचा गर फुगतो, छिद्रांच्या बाजूनं पाणी साचतं आणि हवा अडते. त्यामुळे तेच मशीन, तेच कान आणि त्याच पाट्यातला सेल एका महिन्यात दोन आठवडे गेला आणि दुसऱ्या महिन्यात दहा दिवसांत संपला, तर फसवणूक झाली असं समजू नका. फोन ब्लूटूथवरून मशिनात ऐकायची सोय असेल तर त्यानंही आयुष्य घटतं. आणि सेल फ्रीजमध्ये ठेवले की जास्त टिकतात ही समजूत कुठून आली कोण जाणे. बाहेर काढल्यावर छिद्रांवर दव धरतं, एवढाच त्याचा उपयोग.

६७५ आणि घड्याळ-कॅल्क्युलेटरवाला एलआर ४४ यांचंही माप एकच, ११.६ बाय ५.४. म्हणून माझ्या मुलानं एकदा खेळण्यातल्या दिव्यात एलआर ४४ च्या जागी शिल्लक ६७५ टाकले होते. दिवा लागला, हळूहळू मंदावला. झाकण उघडून ठेवलं की थोड्या वेळानं पुन्हा उजळायचा. पोराला जादू वाटली. स्क्रूनं घट्ट बसलेल्या झाकणाआड सेल गुदमरत होते, एवढंच. उलट जुन्या फिल्म कॅमेऱ्यांचे शौकीन मुद्दाम माझ्याकडून ६७५ नेतात. त्या कॅमेऱ्यांतलं प्रकाश मोजणारं मीटर पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर बेतलेलं होतं. पाऱ्याचे सेल विषारी म्हणून जगभर बंद झाले. अमेरिकेनं १९९६ मध्येच कायदा केला. सिल्व्हरचे १.५५ व्होल्ट दिले तर काही कॅमेऱ्यांत मीटर चुकीचं दाखवतं आणि फोटो बिघडतात. झिंक-एअर १.३५ च्या जवळ जातो. आयुष्य कमी, पण रोल संपेपर्यंत पुरतो.

लिथियमच्या सेलबद्दल मात्र दुसऱ्या कारणासाठी बोलायचंय. सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ जाडी. गाडीच्या चावीत, रिमोटमध्ये, काही डिजिटल घड्याळांत असतो. तो ३ व्होल्ट देतो, इतरांच्या दुप्पट, कारण आत जस्ताऐवजी लिथियम आहे. लिथियमला पाणी चालत नाही म्हणून आतलं द्रावणही बिनपाण्याचं. पण हाच सेल लहान मुलानं गिळला तर आकारामुळे अन्ननलिकेत अडकतो, आणि त्या ३ व्होल्टनं तिथल्या ओलाव्याचं तीव्र क्षार बनतं. दोन तासांत अन्ननलिका भाजते. संपलेला म्हणून काढून टाकलेला सेलही हे करू शकतो, कारण रिमोटला न पुरणारं व्होल्टेज मांस जाळायला पुरतं. मूल सेलशी खेळत होतं आणि सेल सापडत नाही, एवढा संशयही पुरे. उलटी करवू नका, वाट बघू नका, एक्स-रे होईल अशा दवाखान्यात थेट जा. कानाचे सेल म्हातारी माणसं औषधाची गोळी समजून गिळतात, असंही घडतं. गोळ्यांच्या डबीत सेल ठेवू नयेत.

तो पोरगा पुढच्या एसटीपर्यंत थांबला. मी शेजारच्या गल्लीतून १३ नंबरचा पाटा मागवून दिला. ३९३ त्यानं हट्टानं घेतला असता तर मी विकलाही असता, मशिनाला त्यानं लगेच काही झालं नसतं. पण मशीन बनवणारे १.४ व्होल्टचा झिंक-एअरच वापरायला सांगतात, आणि नव्या महागड्या मशिनांत मी स्वतः दुसरं काही टाकणार नाही.

सेल घ्यायला याल तेव्हा जुना सेल बरोबर आणा. घड्याळाचा असेल तर नव्या सेलच्या पाठीवर एसआर आहे ना, ते दुकानदारासमोर वाचून घ्या. कानाचा असेल तर पाट्यावरची तारीख बघा, स्टिकर सगळ्या सेलवर घट्ट आहेत ना ते बघा, आणि स्वस्त मिळतात म्हणून वर्षभराचे भरून ठेवू नका. दोन-तीन महिन्यांपुरते घ्या.